चाळीस मिनिटं आणि तीन पट्ट्या

कार्यशाळेतली पीपीटी शिक्षकांसाठी बनवलेली असते. आधी संकल्पना, मग अध्ययन निष्पत्ती, मुलांच्या नेहमीच्या चुका आणि शेवटी जेवणाच्या सुट्टीआधी घाईत उरकलेली एखादी कृती. याच क्रमाने चौथीचा तास घेतला, तर मुलांच्या हाताला काम मिळेपर्यंत घंटा होते.

समजा, विषय अपूर्णांकांच्या तुलनेचा आहे. पाठ टाचणासाठी सर्वांत मोलाची स्लाइड चुकांची. १/३ पेक्षा १/४ मोठा, असं पुष्कळ मुलं सांगतात, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा. पाठ घ्यायचा तो या समजुतीसाठी. म्हणून टाचणात पहिल्यांदा लिहायचा तो तासाचा शेवटचा प्रश्न: पट्टी न वापरता सांगा, १/५ मोठा की १/६, आणि का? ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ च्या पुस्तकात अशीच शेवटाकडून सुरुवातीकडे येणारी आखणी मांडली.

आता कृती. पीपीटीत ‘कागदाच्या पट्ट्या दुमडा’ एवढंच असतं. पण कागदाचे दोन किंवा चार समान भाग दुमडून सहज होतात, तीन होत नाहीत. मुलं त्यातच अडकतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे २४ सेंटीमीटरच्या पट्ट्या. तिसरा भाग ८ सेंटीमीटरचा, चौथा ६ चा. मुलं मोजपट्टीने खुणा करतात. सगळ्या पट्ट्या सारख्याच लांबीच्या हव्यात, नाहीतर तुलनेलाच अर्थ उरत नाही. प्रत्येक जोडीला तीन: एक अखंड, एक तीन भागांची, एक चार भागांची.

तासिका ४० मिनिटांची असली तरी हजेरी आणि वह्या काढण्यात ५ मिनिटं जातात. उरलेल्या ३५ पैकी ४ मिनिटं अंदाजाला: मोठं कोण, ते मुलांनी आधीच वहीत लिहायचं. पट्ट्यांना १३, त्यात वाटपाची ३ धरलेली. चर्चेला १०, शेवटच्या प्रश्नाला ५, राखीव ३.

वेळ बहुधा पट्ट्यांवरच सांडतो, आणि मग चर्चा कापली जाते. ते टाळायलाच हवं, कारण भाग वाढले की प्रत्येक भाग लहान होतो हे मुलांच्या तोंडून येतं ते चर्चेतच. अकराव्या मिनिटाला निम्म्या जोड्या मागे असतील, तर खुणा केलेल्या पट्ट्या त्यांच्या हाती द्याव्यात. त्या आधीच तयार ठेवलेल्या बऱ्या.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं, तरी कारण वाचायला हवं. ‘खालचा आकडा मोठा म्हणून अपूर्णांक लहान’ एवढंच लिहिणारं मूल २/३ आणि ३/४ मध्ये २/३ ला मोठं म्हणेल. त्याच पट्टीवर २/३ म्हणजे १६ सेंटीमीटर आणि ३/४ म्हणजे १८. अशी उत्तरं बरीच आली, तर दुसऱ्या दिवशीचा तास याच जोडीपासून सुरू करायचा.