मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला नेमके काय जाणवते?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की घरातील मंडळी डॉक्टरांना खर्च विचारतात, लेन्सचे प्रकार विचारतात, दुकानावर पुन्हा केव्हा बसता येईल हेही विचारतात. रुग्णाच्या मनातील खरा प्रश्न मात्र पुष्कळदा ओठांवर येत नाही. डोळा उघडा, माणूस जागा; मग हत्यार डोळ्याकडे येताना दिसेल काय? दुखेल काय? आणि ऐन वेळी पापणी मिटली किंवा डोळा हलला तर? या न विचारलेल्या प्रश्नापायी शस्त्रक्रिया ‘दिवाळीनंतर पाहू’, ‘लग्नसराई आटोपू द्या’ अशी पुढे सरकत राहते. मधल्या काळात मोतीबिंदू अधिक कठीण होतो आणि कठीण मोतीबिंदू फोडण्यास अधिक वेळ लागतो. म्हणजे ज्या अनुभवाच्या भीतीने दिवस लांबविला, तोच अनुभव लांबत जातो. म्हणून शस्त्रक्रियागृहात क्रमाने काय घडते आणि रुग्णाला त्यातील काय कळते, हे आधीच समजून घेणे हिताचे.

उदाहरणादाखल छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडीवर कापडाचे दुकान असलेले सहासष्ट वर्षांचे एक मधुमेही गृहस्थ डोळ्यांसमोर आणावेत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. दुकानातील पांढरे आणि मोतिया कापड त्यांना एकसारखेच दिसू लागले आहे. त्यांच्यावर ‘फेको’ पद्धतीने, केवळ थेंबांची भूल देऊन शस्त्रक्रिया व्हायची आहे.

आधीचा तास

रुग्णालयात पोहोचल्यावर रक्तदाब आणि साखर तपासली जाते, कोणता डोळा याची खात्री करून कपाळावर खूण केली जाते. मग बाहुली मोठी करणारे थेंब काही मिनिटांच्या अंतराने पुनःपुन्हा घातले जातात. ते किंचित झोंबतात आणि जवळचे अक्षर पुसट होते. या पूर्वतयारीलाच बहुधा तासभर जातो. शस्त्रक्रियेपेक्षा ही प्रतीक्षाच मोठी असते.

या टप्प्यावर दोन गोष्टी न विसरता सांगावयाच्या असतात. पहिली, त्या दिवशी उपवास किंवा एकासन असेल तर ते. मधुमेहाची गोळी घेऊन पोट रिकामे राहिले आणि साखर उतरली, तर घाम येतो, अंग थरथरते आणि स्थिर पडून राहणे अशक्य होते. दुसरी, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर ती. या औषधाने बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो आणि शस्त्रक्रियेत मध्ये येऊ लागतो. गोळी आयत्या वेळी बंद करून उपयोग नसतो. डॉक्टरांना आधी ठाऊक असले म्हणजे ते त्या तयारीने उतरतात.

भुलीचे थेंब

टेबलावर उताणे निजल्यावर बधिर करणारे थेंब घातले जातात, बहुधा प्रोपॅराकेनचे. पहिला थेंब काही सेकंद चुरचुरतो, दुसरा जेमतेम कळतो, तिसरा नुसता ओला लागतो. मिनिटभरात डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो. या भुलीचा अंमल पंधरा-वीस मिनिटे टिकतो आणि गरजेप्रमाणे थेंब पुन्हा घातले जातात. पुष्कळ डॉक्टर डोळ्याच्या आतही बधिर करणारे औषध थोड्या प्रमाणात सोडतात.

या थेंबांमागे एक इतिहास आहे. 1884 साली व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर होतो हे दाखवून दिले. त्यापूर्वी मोतीबिंदू काढताना रुग्णाला वेदना सोशीतच पडून राहावे लागे. आजचे थेंब कोकेनचे नाहीत. तत्त्व मात्र तेच आहे.

थेंबांची भूल काय करीत नाही, हेही ध्यानात असावे. तिने वेदना जाते. स्पर्श आणि दाब जात नाहीत. दृष्टी जात नाही आणि डोळा हलविण्याची शक्तीही जात नाही. म्हणूनच या पद्धतीत रुग्णाचे सहकार्य हा शस्त्रक्रियेचाच एक भाग असतो.

चेहऱ्यावरची चादर

आयोडीनच्या तपकिरी औषधाने डोळ्याभोवतीची त्वचा पुसली जाते. ते गार लागते. मग डोळ्याच्या जागी उघडी असलेली निर्जंतुक चादर चेहऱ्यावर चिकटविली जाते. पुष्कळ रुग्णांना डोळ्यापेक्षा हिचाच त्रास अधिक होतो, कारण नाकातोंडावर काही आले की जीव गुदमरल्यासारखा वाटतो. चादरीखाली प्राणवायूची किंवा हवेची नळी ठेवलेली असते आणि श्वास पुरेसा मिळत असतो. ज्यांना बंद जागेची भीती वाटते, त्यांनी ते आधीच सांगावे. चादर नाकापासून उचलून धरण्याची सोय करता येते.

त्यानंतर पापण्या उघड्या ठेवणारी तारेची लहानशी क्लिप बसते. ‘पापणी मिटली तर?’ या शंकेचे उत्तर हेच. ती मिटणारच नाही. मिटण्याची उबळ येते, पापणी ताणल्यासारखी वाटते. पण डोळ्यावर सतत पाणी सोडले जात असल्याने कोरडेपणा जाणवत नाही. तेच पाणी कानशिलावरून ओघळते तेव्हा रक्त वाहत असल्याचा भास होतो. ते साधे द्रावण असते.

सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश

आता सूक्ष्मदर्शकाचा दिवा डोळ्यावर येतो. पहिले काही क्षण हा प्रकाश अतिशय प्रखर वाटतो; सबंध शस्त्रक्रियेतील सर्वांत नकोसा क्षण हाच, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. काही क्षणांत डोळा सरावतो आणि प्रकाशाचे दोन-तीन ठिपके दिसू लागतात. ‘दिव्याकडे पाहा’ अशी सूचना येते. गुलमंडीच्या या गृहस्थांचे त्या दहा-पंधरा मिनिटांतील काम एवढेच: दिव्याकडे पाहत राहणे.

हत्यार स्पष्ट का दिसत नाही, याचे कारण सोपे आहे. वस्तू डोळ्यापासून काही अंतरावर असली तरच तिची प्रतिमा मागच्या पडद्यावर उमटते. जे डोळ्याला टेकलेले किंवा डोळ्याच्या आत आहे, त्याची स्पष्ट प्रतिमा बनत नाही. त्यात समोरचा प्रकाश दिपविणारा. म्हणून रुग्णाला सुरीऐवजी हलत्या सावल्या दिसतात, निळे, गुलाबी, हिरवट रंग पाण्यात विरघळावेत तसे फिरताना दिसतात. क्वचित कोणाला हातांची किंवा उपकरणाची अंधूक आकृती जाणवते. ज्यांना हे आधी सांगितलेले नसते, त्यांना याच रंगांची भीती वाटते.

आतले काम

बाहुलीच्या कडेबाहेर साधारण 2.2 ते 2.8 मिलिमीटरचा छेद घेतला जातो. त्याची जाणीव कोणी बोट हलकेच टेकविल्यासारखी. मग नैसर्गिक भिंगाच्या पातळ आवरणावर गोल खिडकी कापली जाते. येथे काहीच कळत नाही. पण डॉक्टर बहुधा याच वेळी ‘आता अगदी हलू नका’ असे म्हणतात, कारण ही खिडकी वेडीवाकडी फाटता कामा नये.

पुढे यंत्र सुरू होते. त्याचे टोक सेकंदाला सुमारे चाळीस हजार वेळा कंप पावते आणि मोतीबिंदूचे तुकडे करून ओढून घेते. कंप रुग्णाला जाणवत नाही. ऐकू येतो तो यंत्राचा चढउतार करणारा सूर. तो सूर वाढला म्हणजे काही बिघडले असे नव्हे. यंत्राच्या आतील ओढ किती आहे हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला कानाने कळावे, यासाठी तो असतो. द्रावणाचा दाब वाढतो तेव्हा डोळ्याच्या आत बोथट ठणका किंवा भरल्यासारखे वाटते आणि लगेच ओसरते. शेवटी घडी केलेली कृत्रिम लेन्स त्याच छेदातून आत सरकते व उलगडते. तेव्हा क्षणभर दाब जाणवतो. बहुधा टाका लागत नाही.

साध्या मोतीबिंदूत हे सारे दहा ते वीस मिनिटांत आटोपते. शस्त्रक्रियागृहात अर्धा-पाऊण तास आणि रुग्णालयात एकूण तीन-चार तास धरावेत.

केव्हा बोलावे

बोथट दाब अपेक्षित आहे. तीक्ष्ण किंवा वाढत जाणारी कळ अपेक्षित नाही. ती सोसण्यात पराक्रम नाही, कारण भूल वाढविता येते आणि क्वचित ती कळ डोळ्याच्या आत काही घडत असल्याची खूण असते. खोकला, शिंक किंवा हालचाल अनावर होत असेल, तर आधी शब्दांनी सांगावे. डॉक्टर उपकरण बाहेर घेतात, मग खोकावे. मान डोलावून ‘हो’ म्हणू नये, हात चादरीवर आणू नये.

कधी भिंगाचे मागचे आवरण फाटते आणि डोळ्यातील जेलीसारखा द्रव पुढे येतो. मग तो द्रव काढावा लागतो, शस्त्रक्रिया लांबते आणि इंजेक्शनची भूल लागू शकते. रुग्णाला कळते ते एवढेच की वेळ वाढला आणि खोलीतील बोलणे कमी झाले. अशा वेळी काय घडले ते नंतर विचारून घ्यावे. पुढील तपासण्या त्यावर अवलंबून असतात.

इंजेक्शनची भूल

ज्यांना स्थिर पडणे जमत नाही, सूचना ऐकू येत नाहीत किंवा मोतीबिंदू फार कठीण आहे, त्यांना डोळ्याभोवती इंजेक्शन देतात. टोचल्याची कळ आणि मागोमाग जड दाब येतो. मग डोळा हलत नाही, पापणी लोंबते, दिसणे मंदावते, तरी प्रकाश पुष्कळांना दिसतोच. टाका न घालता मोठ्या छेदाने होणाऱ्या शस्त्रक्रियेतही, जी शिबिरांत बऱ्याचदा होते, बहुधा हीच भूल असते. तिचा अंमल उतरेपर्यंत काही तास एकाचे दोन दिसू शकतात.

घरी परतल्यावर

भूल उतरली की डोळ्यात कण गेल्यासारखे खुपते आणि पाणी येते. दिव्याच्या प्रखरतेमुळे काही काळ सर्व गुलाबीसर दिसू शकते. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर गुलमंडीच्या गृहस्थांना पांढरे कापड निळसर वाटेल. पिवळट झालेले भिंग वर्षानुवर्षे निळा रंग अडवीत होते, तो आता आत येतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया 1923 साली झाली, तेव्हा त्यांनीही रंग बदलल्याची तक्रार केली होती. त्यांना कित्येक दिवस निश्चल पडावे लागले आणि पुढे जाड चष्मा लावावा लागला. तेव्हा डोळ्यात बसविण्याची लेन्स नव्हती.

थेंब पुढे काही आठवडे घालावे लागतात. डोळ्यातील थेंब नाकातून घशात उतरतो, म्हणून कडू चव येते. चौविहार पाळणाऱ्यांनी रात्रीच्या थेंबांविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून वेळा ठरवाव्यात, परस्पर थेंब चुकवू नये. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा दोन मिनिटे दाबून धरला, तर घशात फार थोडे उतरते.

खुपणे दिवसागणिक कमी व्हावयास हवे. ते वाढले, लाली चढली किंवा आलेली दृष्टी पुन्हा मंदावली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. जंतुसंसर्गात काही तासांच्या विलंबानेही दृष्टी जाऊ शकते.