पन्नास कपांचे डिकॉक्शन

मराठी घरांतून कॉफी करण्याची जुनी रीत म्हणजे दुधात साखर, कॉफीची पूड आणि थोडे जायफळ घालून ते उकळणे. या कॉफीला माप फारसे लागत नाही; हात बसला की झाले. परंतु बेळगाव, हुबळी, धारवाड या बाजूला किंवा हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनी शेजाऱ्यांकडून फिल्टरची कॉफी उचलली. तिचे डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, आधी वेगळा काढून ठेवायचा आणि मग तो उकळत्या दुधात मिसळायचा. घरातल्या चार माणसांची ही कॉफी सहसा बिघडत नाही. ती बिघडते ती साखरपुड्याच्या किंवा हळदीकुंकवाच्या दिवशी. पहिल्या पंगतीला दाट, सुवासिक कॉफी मिळते आणि शेवटी आलेल्या मंडळींच्या हाती पिवळसर गरम पाणी पडते.

या फजितीचे मूळ बहुधा एका साध्या गोष्टीत असते. कॉफीची पूड पाणी पिऊन बसते. भिजलेली पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते आणि ते आपण होऊन खाली सोडत नाही. शंभर ग्रॅम पूड असेल, तर सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी तिच्यातच राहते. लहान फिल्टरमध्ये हा तोटा ध्यानात येत नाही. मोठ्या प्रमाणावर मात्र तोच सगळा हिशेब उलटवून टाकतो.

एक उदाहरण घेऊ. पन्नास कप कॉफी करावयाची आहे आणि कप 120 मिलिलिटरचा, म्हणजे नेहमीच्या चहाच्या कपाएवढा आहे. एकूण सहा लिटर पेय हवे. कडक डिकॉक्शन असेल तर एक भाग डिकॉक्शन व तीन भाग दूध हे प्रमाण चांगले जमते; म्हणजे कपाला 30 मिलिलिटर डिकॉक्शन आणि 90 मिलिलिटर दूध. पन्नास कपांना दीड लिटर डिकॉक्शन आणि साडेचार लिटर दूध लागेल. दूध तापवताना आटते, साय धरते, म्हणून पावणेपाच लिटर घ्यावे. कपाला नऊ ग्रॅम या हिशेबाने पूड 450 ग्रॅम.

आता पाणी किती? दीड लिटर डिकॉक्शन हवे, म्हणून दीड लिटर पाणी, असे सहज वाटते. तसे केले की 450 ग्रॅम पूड त्यातले 900 मिलिलिटर गिळते आणि खाली जेमतेम 600 मिलिलिटर उतरते. यजमानीणबाई घाबरतात आणि खालच्या भांड्यात तेवढेच उकळते पाणी ओतून माप पुरे करतात. खरी चूक ती हीच. पुडीतून सुटलेल्या अर्कापैकी निम्म्याहून अधिक भाग त्या वेळी वर चोथ्यातच अडकलेला असतो, आणि खाली ओतलेले पाणी त्याला स्पर्शही करीत नाही. तेच पाणी वरून, पुडीवर ओतले असते, तर त्याने अडकलेला अर्क खाली ढकलला असता. पाणी तेवढेच, पूडही तेवढीच. फरक केवळ ओतण्याच्या जागेचा.

म्हणून हिशेब असा मांडावा: हवे असलेले डिकॉक्शन 1500 मिलिलिटर, पुडीचा वाटा 900 मिलिलिटर, एकूण पाणी 2400 मिलिलिटर. हे पाणी एकदम ओतू नये. उकळी आलेले पाणी खाली उतरवून, बुडबुडे शमल्यावर, आधी त्यातले 900 मिलिलिटर सगळी पूड भिजेल असे गोल फिरवीत घालावे व झाकण ठेवावे. खाली फारसे काही पडत नाही. तसे पडूही नये. पाच-सात मिनिटांत पूड फुगते. मग 750 मिलिलिटर घालावे, ते बरेचसे उतरले की उरलेले 750. दुसऱ्या व तिसऱ्या वेळचे पाणी धरून ठेवण्यास पुडीत जागा नसते, म्हणून जेवढे वरून जाते जवळपास तेवढेच खाली येते.

साडेचारशे ग्रॅम पूड घरच्या फिल्टरमध्ये मावत नाही. उंच डब्यात ती दाबून भरण्याचा मोह टाळावा. पुडीचा थर जितका जाड, तितके पाणी अडते. त्यापेक्षा रुंद पातेल्यावर स्वच्छ सुती कापड सैलसर बांधून त्याच्या झोळीत पूड पसरावी. कापड नवे असल्यास आधी साध्या पाण्यात उकळून त्याची खळ काढावी, अन्यथा कॉफीला कोऱ्या कापडाचा वास लागतो. पूड बारीक रव्यासारखी हवी. मैद्यासारखी असली तर चिखल होतो आणि थेंब पडेनासा होतो. जाड असली तर पाणी झरझर निघून जाते आणि डिकॉक्शन पातळ उतरते. सगळे उतरण्यास पाऊण तास लागला तर काळजी नाही. दहा मिनिटांत उतरले तर काही तरी चुकले आहे. धातूच्या फिल्टरमधून थेंब अडलाच, तर वरचे भांडे जरा उचलून पुन्हा ठेवावे. पुष्कळदा खालच्या भांड्यात कोंडलेली हवाच वाट अडवून बसलेली असते.

डिकॉक्शन कडक झाले की नाही, हे रंगावरून ठरवू नये. चिकोरी मिसळलेली पूड गडद रंग लवकर सोडते आणि डोळ्यांना फसवते. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते. ते तीस टक्क्यांच्या आसपास असेल तर नऊ ग्रॅमचे माप पुरते; निव्वळ कॉफी असेल तर कपाला दहा-अकरा ग्रॅम धरावी. खरी परीक्षा दुधात होते. एका कपात 90 मिलिलिटर गरम दूध घेऊन त्यात 30 मिलिलिटर डिकॉक्शन घालावे आणि चाखावे. म्हशीचे सायीचे दूध असेल तर कपाला पाच मिलिलिटर डिकॉक्शन अधिक लागते, कारण स्निग्धतेने कॉफीची धार बोथट होते. पूड व पाणी त्या मानाने आधीच वाढवून घ्यावे. कडक याचा अर्थ कडू नव्हे. डिकॉक्शन पातळ असले की चव आणण्यासाठी ते अधिक घालावे लागते, त्याने दूध पातळ होते आणि कपही निवतो. सगळा खटाटोप आहे तो कमी डिकॉक्शनमध्ये अधिक कॉफी यावी यासाठी.

साखर कपाला आठ ग्रॅम धरली तर 400 ग्रॅम होते. ती विरघळून पाव लिटरच्या आसपास जागा घेते, म्हणजे दोन कप कॉफी आपोआप वाढते.

उरलेल्या चोथ्यावर आणखी अर्धा लिटर उकळते पाणी घातले तर अर्धा लिटर फिकट डिकॉक्शन मिळते. ते पहिल्यात मिसळू नये. वेगळे ठेवावे, ज्यांना हलकी कॉफी चालते अशा वडीलधाऱ्यांसाठी ते उपयोगी पडते, किंवा आणखी पूड भिजवावी लागलीच तर साध्या पाण्याऐवजी वापरता येते.

तयार डिकॉक्शन पुन्हा विस्तवावर उकळू नये. सुवास उडतो आणि कडवटपणा मागे राहतो. ते झाकून ठेवावे, निवल्यास भांडे गरम पाण्यात उभे करावे. पन्नास कप एकाच वेळी मिसळण्याचीही गरज नाही. दूध मंद आचेवर तापते ठेवावे आणि दहा-दहा कपांसाठी 300 मिलिलिटर डिकॉक्शन, 900 मिलिलिटर दूध आणि 80 ग्रॅम साखर असे मोजून घेत जावे.