झाड गाडीवर पडल्यावर

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचला. शहरभर झाडं पडली. अशा वादळानंतर सोसायट्यांमध्ये एकच वाद रंगतो: आवारातलं झाड गाड्यांवर कोसळलं, तर भरपाई कोणी द्यायची?

उत्तराची सुरुवात झाडाच्या बुंध्यापाशी होते. गुलमोहराची मुळं फार खोल जात नाहीत, आडवी पसरतात. आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना किंवा ड्रेनेजची लाइन टाकताना एका बाजूची मुळं तोडली जातात. वर फांद्यांचा पसारा मात्र तेवढाच राहतो. पावसाने माती भिजली की उरलेल्या मुळांची पकड सुटते आणि झाड मुळासकट उलटतं. तुटलेल्या मुळांची टोकं सरळ कापलेली, जुनी, काळपट दिसली तर ती आधीच तोडलेली होती. ताजी, चिरफाळलेली असतील तर ती वाऱ्याने तुटली. अग्निशमन दल ओंडके कापून वाट मोकळी करायच्या आत या मुळांचे आणि गाड्यांचे फोटो काढून ठेवावेत. मात्र विजेची तार अडकली असेल तर पुरवठा बंद होईपर्यंत जवळ जाऊ नये.

पैसे बहुधा गाडीच्या विम्यातूनच मिळतात, पण फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत वादळाचं नुकसान धरलेलं असतं, तरी पूर्ण बिल मिळेलच असं नाही. समजा, साडेचार वर्षांच्या छोट्या गाडीचं बिल ६०,००० रुपये झालं: छताचा पत्रा ३०,०००, प्लॅस्टिकचा बंपर १०,०००, काच ८,००० आणि मजुरी १२,०००. नेहमीच्या घसाऱ्याने पत्र्यातून ३५ टक्के म्हणजे १०,५०० आणि बंपरमधून निम्मे म्हणजे ५,००० कापले जातात. काचेवर घसारा नाही. सक्तीचे १,००० मालकाच्या खिशातून जातात. हाती येतात ४३,५००. 'झिरो डेप' घेतलेलं असेल तर घसाऱ्याची कपात सहसा होत नाही. सर्व्हेअरने पाहण्याआधी दुरुस्तीला मात्र हात लावायचा नाही.

सोसायटीकडून भरपाई मागायची तर हलगर्जी दाखवावी लागते. निरोगी झाड वादळात पडलं, तर 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून समिती सुटू शकते. पोकळ बुंध्याची किंवा धोकादायक फांदीची लेखी तक्रार आधीच आलेली असेल आणि समिती गप्प बसली असेल, तर ती सबब टिकणं कठीण. खासगी आवारातलं झाडही १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली येतं, त्यामुळे तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून अर्ज पावसाळ्याआधीच द्यावा आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी. समितीने वेळेत पावलं उचलली होती, हे तीच दाखवते.