पैसे कापल्याचा स्क्रीनशॉट खरा की बनावट?

दुकानदाराला गिऱ्हाईक मोबाइल दाखवते: ‘तुमच्या खात्यातून 4,500 रुपये वजा झाले.’ अशा वेळी मजकुराच्या आधी वरची ओळ वाचावी.

भारतात बँकेचा एसएमएस साध्या दहा अंकी क्रमांकावरून येत नाही. तो `VM-HDFCBK-S` अशा नोंदणीकृत नावाने येतो. पहिली दोन अक्षरे मोबाइल कंपनी आणि परिमंडळ दाखवतात; ती बदलू शकतात, त्यामुळे त्यांच्यावरून संशय घेऊ नये. मधली अक्षरे बँकेची. शेवटचे `S` किंवा `T` सेवेचा अथवा व्यवहाराचा संदेश दर्शवते, `P` जाहिरातीचा. व्यवहाराच्या संदेशाला `P` असेल तर काहीतरी गडबड आहे. नुसते ‘एसबीआय बँक’ असे सुटसुटीत नाव दिसले, तर ते बहुधा कुणीतरी स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेले असते. शेजारी कॉलचे चिन्ह दिसले, तर शंका आणखी बळावते.

मजकुरात खात्याचे शेवटचे काही अंक, तारीख आणि यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो. ‘केवायसी’साठी लिंक किंवा ओटीपीची मागणी नसते. अंकांचा फॉन्ट किंवा ओळीची पातळी जराशी हललेली दिसली, तर रक्कम बदललेली असू शकते.

अर्थात निव्वळ चित्रात हे सारे हुबेहूब रंगवता येते. शिवाय खरा संदेशही समोरच्याचे पैसे गेल्याचे सांगतो, दुकानदाराला मिळाल्याचे नव्हे. म्हणून माल देण्यापूर्वी स्वतःच्या बँक ॲपमधील जमा नोंद पाहावी.