मेंटलमधले थोरियम शिशापर्यंत कसे पोचते

लहानपणी आमच्या गावात रात्रीची वरात निघाली की दोन्ही अंगांनी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे चालायची. बत्तीला नवे मेंटल बांधताना पाहायला आम्हा मुलांची गर्दी व्हायची. मऊ जाळीची इवलीशी पिशवी, तिची दोरी नळीच्या तोंडाला आवळायची आणि काडी लावायची. जाळी भुरुभुरु जळून जायची आणि मागे उरायचा एक पांढरा सांगाडा, इतका ठिसूळ की पतंग येऊन आपटला तरी त्याला भोक पडावे. पंप मारला की डोळे दिपवणारा उजेड त्याच सांगाड्यातून यायचा.

आम्हाला ती राख वाटायची. ते होते थोरियम ऑक्साइड, आणि त्यात शेकडा एखादा भाग सिरियम ऑक्साइड. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे मिश्रण शोधले. आपल्याकडचे थोरियम केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून येते. बत्ती विझली तरी त्या सांगाड्यातले एक काम थांबत नसे. एक ग्रॅम थोरियम घेतले तर त्यातले सुमारे चार हजार अणू दर सेकंदाला थोरियम राहत नाहीत, दुसरे काहीतरी होतात. त्यांचे काय होते, हे दोन आकड्यांच्या हिशोबाने नेमके सांगता येते.

पहिला आकडा अणुअंक, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या. मूलद्रव्य कोणते, हे हाच आकडा ठरवतो: ९० प्रोटॉन असतील तर ते थोरियम, ८२ असतील तर शिसे. दुसरा आकडा अणुवस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची मिळून संख्या. मेंटलमधल्या थोरियमचा हा आकडा २३२. म्हणजे त्याच्या केंद्रकात ९० प्रोटॉन आणि १४२ न्यूट्रॉन आहेत.

या केंद्रकातून पहिल्यांदा बाहेर पडतो तो अल्फा कण. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा तो घट्ट बांधलेला गठ्ठा असतो. गठ्ठा गेला की अणुअंक दोनने उतरतो आणि अणुवस्तुमानांक चारने. ९० चे झाले ८८, २३२ चे झाले २२८. ८८ प्रोटॉनांचे मूलद्रव्य म्हणजे रेडियम, तेव्हा थोरियम-२३२ चे झाले रेडियम-२२८. बाहेर गेलेला गठ्ठाही वाया जात नाही. तो थोड्याच अंतरावर थांबतो, आजूबाजूचे दोन इलेक्ट्रॉन उचलतो आणि हेलियम वायूचा अणू होतो. मोनाझाइटच्या कणांत हेलियम अडकलेला सापडतो, तो असा साठत आलेला असतो.

आता रेडियम-२२८ कडे पाहू. त्यातून बीटा कण निघतो, म्हणजे इलेक्ट्रॉन. इथे विद्यार्थी हमखास अडखळतात. हा इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरणाऱ्यांपैकी नव्हे, आणि केंद्रकात तो आधीपासून दडून बसलेलाही नसतो. केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि त्याच घटकेला हा इलेक्ट्रॉन जन्मतो. त्याच्याबरोबर अँटिन्यूट्रिनो नावाचा, जवळजवळ कशालाच न अडणारा एक कणही निघून जातो. न्यूट्रॉन एकाने घटला, प्रोटॉन एकाने वाढला, दोघांची बेरीज तीच राहिली. म्हणून अणुवस्तुमानांक २२८ च राहतो आणि अणुअंक मात्र एकाने चढतो. ८८ चे ८९, म्हणजे अ‍ॅक्टिनियम-२२८. केंद्रकातून काहीतरी बाहेर गेले आणि तरीही मूलद्रव्य सारणीत एक घर पुढे सरकले, हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते. पण इलेक्ट्रॉनाबरोबर एक ऋण प्रभार बाहेर गेला की मागे एक धन प्रभार वाढणारच.

अ‍ॅक्टिनियम-२२८ निम्मे व्हायला सहा तासही पुरतात. त्यातूनही बीटाच निघतो. ८९ चे ९०, अणुवस्तुमानांक २२८. आणि ९० म्हणजे पुन्हा थोरियम!

मला या साखळीतली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते. अल्फाने दोन घरे मागे गेलो, दोन बीटांनी एकेक घर पुढे आलो आणि निघालो त्याच घरात परतलो, फक्त चार न्यूट्रॉन कमी घेऊन. थोरियम-२३२ आणि थोरियम-२२८ यांचे प्रोटॉन सारखे, म्हणून इलेक्ट्रॉन सारखे, म्हणून रासायनिक वागणूक एकच. १९०५ साली ओटो हान लंडनमध्ये विल्यम रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत श्रीलंकेच्या खनिजावर काम करत होते. त्यांना थोरियमपेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सारी असा एक पदार्थ मिळाला. त्यांनी त्याला रेडिओथोरियम म्हटले. नवे मूलद्रव्य म्हणून त्याचे स्वागत झाले, पण साध्या थोरियममध्ये ते एकदा मिसळले की कोणत्याच रसायनाने ते वेगळे काढता येईना. चांगल्या चांगल्या रसायनतज्ज्ञांनी त्यावर हात टेकले. चूक त्यांच्या हातांची नव्हतीच. ज्याला ते शोधत होते ते थोरियमच होते.

याचा उलगडा १९१३ मध्ये झाला. फ्रेडरिक सॉडी आणि काझिमिर फायान्स यांनी स्वतंत्रपणे नियम मांडला: अल्फा गेला की सारणीत दोन घरे मागे, बीटा गेला की एक घर पुढे. एकाच घरात बसणाऱ्या अशा वेगवेगळ्या वजनांच्या अणूंसाठी सॉडींनी त्याच वर्षी जो शब्द वापरला, त्याला आपण मराठीत समस्थानिक म्हणतो. समान स्थान असलेले. सारणीतले ते घर या शब्दातच आहे.

मेंटलसाठी थोरियम शुद्ध करतात तेव्हाही हेच घडते. रेडियम बाजूला निघते, कारण त्याचा अणुअंक वेगळा. थोरियम-२२८ मात्र निघत नाही, ते थोरियम-२३२ बरोबर मेंटलमध्ये येऊन बसते. म्हणून मेंटल अगदी नवे असले तरी थोड्याच आठवड्यांत पुढची सगळी साखळी त्यात पुन्हा चालू झालेली असते.

ती साखळी पुढे झरझर उतरते. थोरियम-२२८ पासून ओळीने चार अल्फा निघतात. रेडियम-२२४, मग रेडॉन-२२०, मग पोलोनियम-२१६, मग शिसे-२१२. प्रत्येक पायरीला दोन आणि चार वजा. यातला रेडॉन हा वायू आहे, म्हणजे घन पदार्थाच्या पोटातून वायू निघाला. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अर्नेस्ट रदरफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना थोरियमचे मोजमाप काही केल्या स्थिर मिळत नव्हते. दार उघडून वाऱ्याची झुळूक आली की आकडा बदलायचा. झुळुकेबरोबर जे वाहून जात होते ते हेच रेडॉन, साधारण मिनिटाभरात निम्मे होणारे.

शिसे-२१२ हे शिसेच, तरी ते टिकाऊ नाही. ते एक बीटा सोडून बिस्मथ-२१२ होते, आणि इथे वाट दुभंगते. शंभरातले सुमारे ६४ अणू आधी बीटा सोडतात, ८३ चे ८४ होतात, म्हणजे पोलोनियम-२१२, आणि सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या आतच त्यातले बरेचसे अल्फा सोडून ८२ वर येतात. उरलेले ३६ आधी अल्फा सोडतात, ८३ चे ८१ होतात, म्हणजे थॅलियम-२०८, आणि मग बीटा सोडून तेही ८२ वर येतात. आधी दोन वजा करून मग एक मिळवा, किंवा आधी एक मिळवून मग दोन वजा करा. दोन्ही वाटा शिसे-२०८ पाशी मिळतात आणि तिथे साखळी संपते. शिसे-२०८ स्थिर आहे.

गॅमाचे नाव मी मुद्दाम मागे ठेवले होते. थॅलियम-२०८ मधून बीटा निघून शिशाचे केंद्रक तयार होते, तेव्हा ते शांत नसते, जादा ऊर्जेने ताठलेले असते. ती ऊर्जा ते प्रकाशाच्याच जातीच्या, पण फार तीव्र किरणांच्या रूपाने सोडते. तो गॅमा. त्यात प्रोटॉन नाही, न्यूट्रॉन नाही, प्रभारही नाही. आधी ८२ आणि २०८, नंतरही ८२ आणि २०८. वर्गात तिन्ही ऱ्हास एका ओळीत शिकवले जातात, त्यामुळे गॅमा हा तिसरा स्वतंत्र मार्ग वाटतो. तो बहुतेक वेळा अल्फा किंवा बीटाच्या पाठोपाठ येणारा असतो, नव्या केंद्रकाने टाकलेला सुस्कारा असावा तसा.

हा गॅमा २६१४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, निसर्गातल्या किरणोत्सारात फारच ताकदीचा. वाळूत किंवा खडकात थोरियम आहे का, हे पाहायचे तर उपकरणावर याच आकड्याची रेषा शोधतात. तक्त्यात ती थॅलियमच्या नावावर असते, प्रत्यक्षात सोडलेली असते शिशाच्या केंद्रकाने, आणि तिच्यावरून अंदाज काढतात तो साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या थोरियमचा.

एवढी ऊर्जा गेली तर वजन कमी होत नाही का? होते. त्या एका गॅमाबरोबर पाचेक इलेक्ट्रॉनांइतके वस्तुमान जाते. पण अणुवस्तुमानांक म्हणजे तराजूवरचे वजन नव्हे, ती कणांची मोजदाद आहे, आणि मोजदादीत गॅमाने एकही कण उचललेला नाही. या हिशोबाची दुसरी मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. अणूचे पुढे काय होणार हे तो सांगतो, कधी होणार हे सांगत नाही. थोरियम-२३२ निम्मे व्हायला १४०० कोटी वर्षे लागतात, आणि आकड्यांच्या वजाबाकीत याचा मागमूसही नसतो. शिवाय काही केंद्रकांत, उदाहरणार्थ पेट स्कॅनसाठी वापरतात त्या फ्लोरिन-१८ मध्ये, उलटा बीटा असतो. तिथे प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि अणुअंक एकाने उतरतो. थोरियमच्या साखळीत तो नाही.

आता मधल्या सगळ्या पायऱ्या विसरा आणि दोन टोके घ्या. २३२ मधून २०८ गेले, उरले २४. हा आकडा फक्त अल्फाने उतरतो, चारचाराने, म्हणजे सहा अल्फा. सहा अल्फांनी ९० मधून १२ जायला हवे होते, म्हणजे ७८ वर, प्लॅटिनमपाशी पोचायला हवे होते. आपण आहोत ८२ वर. वरचे चार बीटांनी भरून काढले. सहा अल्फा आणि चार बीटा, आणि गॅमा कितीही निघोत, हिशोबात शून्य. युरेनियम-२३८ घेतले तर ते शिसे-२०६ पाशी थांबते. म्हणजे ३२ ची घट, आठ अल्फा, ९२ मधून १६ जाऊन ७६, आणि ८२ गाठायला सहा बीटा.

हे खरे असेल तर खाणीतले शिसे सगळीकडे सारख्या वजनाचे असू नये. साध्या शिशाचे अणुभार २०७.२ भरते. सॉडींनी श्रीलंकेतल्या थोराइट खनिजातले शिसे काढून तोलले आणि हार्वर्डमध्ये थिओडोर रिचर्ड्स यांनी युरेनियमच्या खनिजांतले. थोरियमबरोबर राहिलेले शिसे साध्यापेक्षा जड निघाले, युरेनियमबरोबरचे हलके.