गोषवारा मिटून लिहिलेली नोंद

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात मार्गदर्शक हमखास एक काम सांगतात: विषयावरच्या पंधरा-वीस लेखांची सटीप संदर्भसूची तयार करून आणा. म्हणजे प्रत्येक लेखाचा तपशील आणि त्याखाली शंभर-दीडशे शब्दांची टीप. लेखात काय आहे, ते कशाच्या आधारावर सांगितले आहे आणि आपल्या कामाला त्याचा काय उपयोग, एवढे त्या टीपेत यायला हवे. विद्यार्थी लेख उघडतो, तर वरच लेखकांनी स्वतः लिहिलेला नेटका गोषवारा असतो. तो उचलून खाली चिकटवला की नोंद झाली. दोन संध्याकाळींत वीस नोंदी होतात आणि त्यातला एकही लेख वाचलेला नसतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी याहूनही फसवी एक वाट आहे. इंग्रजी गोषवाऱ्याचे वाक्यामागून वाक्य मराठीत आणायचे. भाषा बदलली, त्यामुळे शब्द आपलेच वाटतात आणि साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते सहसा सापडत नाही. पण वाक्यांचा क्रम, कशावर भर द्यायचा आणि काय गाळायचे हा निर्णय, सगळे मूळ लेखकांचेच राहते. गोषवारा ही लेखकांनी आपल्या कामाची मांडलेली बाजू असते. टीप मात्र वाचणाऱ्याने आपल्या प्रश्नाच्या उजेडात लिहायची असते. म्हणून एकाच लेखावर दोन संशोधकांच्या टिपा वेगळ्या निघतात, निघायलाच हव्यात.

एक खरा लेख घेऊन पाहू. गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा लेख डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. विषय होता घरी जाऊन घेतलेली नवजात बाळांची काळजी आणि तिचा बालमृत्यूंवर झालेला परिणाम. आता समजा, एखादी विद्यार्थिनी आशाताईंच्या गृहभेटींवर प्रबंध लिहिते आहे. तिच्या सूचीत हा लेख असणारच.

गोषवाऱ्यातून तिला कळते की ३९ गावांत ही काळजी दिली गेली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली होती. आधीची दोन वर्षे, १९९३ ते ९५, फक्त मोजणी झाली. पुढची तीन वर्षे प्रत्यक्ष काम. काळजी दिलेल्या गावांत सुरुवातीला दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात दगावत होते, तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५.५ वर आले. निव्वळ घट ६२.२ टक्के. शिवाय निदान २५ टक्के घट व्हावी, हे गृहीतक सुरुवातीलाच मांडलेले होते.

आकडे पाहा: ६२ आणि ६२.२, २५ आणि २५.५. एकात दर आहे, दुसऱ्यात टक्के. न समजता उतरवणाऱ्याच्या हातून यांची अदलाबदल होते आणि 'मृत्युदर ६२ टक्के होता' असले वाक्य बिनदिक्कत सूचीत जाऊन बसते. स्वतःच्या शब्दांत लिहायला बसले की मात्र हिशेब करावाच लागतो. ६२ वरून २५.५ म्हणजे सुमारे ५९ टक्क्यांची घट. मग ६२.२ कुठून आले? उत्तर 'निव्वळ' या एका शब्दात आहे. ही घट तुलनेच्या गावांशी ताडून काढलेली आहे आणि ती ५९ हून जास्त निघते, याचा अर्थ त्याच काळात तिकडे मृत्युदर कमी झालाच नव्हता. एवढे उलगडले की तिला लेखाचा कणा कळला. नुसती नक्कल करताना हा प्रश्न पडतच नाही.

खरी मेख पुढे आहे. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांचे निदान आणि उपचार गावातल्या आरोग्यसेविकांनी केले, एवढेच गोषवारा सांगतो. हे उपचार कोणते, ते लेखाच्या पोटात शिरल्यावरच कळते: त्या जेंटामायसिनची इंजेक्शने देत होत्या. आशाताईंच्या गृहभेटींवर लिहिणाऱ्या मुलीसाठी अख्ख्या लेखातली सर्वांत महत्त्वाची बाब हीच. आजच्या भेटींतून तेच काम होते का, हे तपासल्याशिवाय गडचिरोलीचा आकडा आशा योजनेला लावता येत नाही. तसेच गावांच्या वाटणीचे. कोणत्या गावांत काळजी द्यायची आणि कोणती तुलनेला ठेवायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. त्यामुळे दोन भागांत आधीपासूनच काही फरक होता का, ही शंका पुरती मिटत नाही. काळही बदलला आहे. तेव्हा तिथली बहुतेक बाळंतपणे घरी होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सुमारे ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झालेली दिसतात.

अशी टीप लिहायची एक साधी पद्धत आहे. आधी आपला प्रश्न एका ओळीत लिहून समोर ठेवायचा. मग अभ्यासपद्धतीचा आणि मर्यादांचा भाग वाचायचा, लेख मिटायचा आणि आठवेल ते चार-सहा वाक्यांत लिहायचे. मिटलेल्या लेखातले वाक्य जसेच्या तसे सहसा आठवत नाही, अर्थ तेवढा आठवतो. आकडे आणि नावे पडताळायला लेख पुन्हा उघडायचा. ते बदलायचे नसतात. 'नवजात मृत्युदर' ही संज्ञाही तशीच राहते. तिची नोंद अशी होईल:

"गडचिरोलीच्या ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घरी जाऊन नवजातांची काळजी घेतली; ४७ गावे तुलनेला होती. तीन वर्षांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला, तुलनेच्या गावांत मात्र तो घटला नाही. गावांची वाटणी यादृच्छिक नसल्याने सगळे श्रेय या कामाला देताना सावध राहावे लागते. सेविका इंजेक्शनही देत होत्या, त्यामुळे केवळ भेटींचा परिणाम वेगळा काढता येत नाही. माझ्या तिसऱ्या प्रकरणात आशांच्या कामाशी तुलना करताना हा फरक आधी मांडावा लागेल."

यातली शेवटची तीन वाक्ये कोणत्याही गोषवाऱ्यात सापडणार नाहीत. नकललेली सूची मार्गदर्शकाच्या लक्षात येते ती याच्या उलट खुणांवरून. प्रत्येक नोंदीचा सूर वेगळा असतो, जणू वीस माणसांनी लिहिल्यात. सगळीकडे 'आढळून आले' असते, 'माझ्या कामासाठी' कुठेच नसते. कधी पूर्ण लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाही आणि हाती फक्त गोषवारा येतो. तेव्हा 'केवळ गोषवारा पाहिला' असे नोंदीत स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही, आणि पुढे तो लेख मिळवायचा आहे याची आठवणही राहते.

तिच्या सूचीतला पुढचा लेख बांगलादेशातल्या सिल्हेटचा, २००८ चा, पुन्हा 'लॅन्सेट'मधलाच. तिथे घरी काळजी दिलेल्या भागात नवजात मृत्यूंत ३४ टक्के घट दिसली आणि भागांची वाटणी यादृच्छिक होती. या लेखाच्या गोषवाऱ्यात गडचिरोलीशी तुलना नाही. ती तिलाच करायची आहे. ती लिहिते: "वाटणी यादृच्छिक असूनही घट दिसली, पण गडचिरोलीहून बरीच कमी. हा फरक अभ्यासाच्या रचनेमुळे, की कामाच्या दर्जामुळे? दोन्ही लेखांतली भेटींची आणि उपचारांची वर्णने शेजारी ठेवून पाहायची."