समाजमाध्यमांवरील अनुयायी ते ई-मेल सूची : आर्थिक नियोजनकाराच्या मोफत तपासयादीचा अभ्यास

प्रस्तावना

दि. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्या दिवसापर्यंत ज्यांचे लाखो अनुयायी होते, त्यांच्यापाशी दुसऱ्या दिवशी त्यांतील एकाचाही पत्ता उरला नाही. अनुयायी हे त्या माध्यमाच्या नोंदवहीत असतात, व्यावसायिकाच्या नव्हे. नोंदवही बंद झाली की संबंधही संपतो. आर्थिक नियोजनाच्या व्यवसायात ही बाब अधिक जाणवते. कपडे वा खाद्यपदार्थ विकणाऱ्याला नवा ग्राहक एका चित्रावरून मिळू शकतो. मात्र आपला पगार, कर्ज आणि विमा दुसऱ्यासमोर उघड करण्यापूर्वी माणूस कित्येक महिने त्याला वाचत, पारखत असतो. एवढा काळ संबंध टिकवायचा तर स्वतःची ई-मेल सूची असावी लागते.

प्रस्तुत लेखात अशी सूची उभारण्याच्या एकाच मार्गाचा, म्हणजे मोफत तपासयादी (रूढ शब्दात चेकलिस्ट) देऊन ई-मेल पत्ता व संमती मिळविण्याच्या पद्धतीचा, विचार केला आहे. विवेचनासाठी सेबीकडे नोंदणी असलेला, इन्स्टाग्रामवर सहा हजार अनुयायी असणारा आणि मराठीतून लिहिणारा एक नियोजनकार कल्पिला आहे. त्याच्या संदर्भातील आकडे गृहीत धरलेले आहेत, ते कोणत्याही पाहणीतील नव्हेत.

विषयाची निवड

यादी कशाची करावी, या प्रश्नावरच पुढील बहुतेक गोष्टी अवलंबून असतात. बहुसंख्य नियोजनकारांना प्रथम करबचतीची यादी सुचते. तिच्यात दोन दोष आहेत. ती मार्च उलटला की निरुपयोगी होते. आणि आर्थिक वर्ष 2023-24 पासून नवी करप्रणाली हीच मूलभूत निवड ठरल्याने जुन्या वजावटींची यादी अनेक पगारदारांना लागूच पडत नाही. ‘निवृत्तीसाठी संपूर्ण मार्गदर्शक’ अशा चाळीस पानी पुस्तिकेचे भवितव्यही वेगळे नसते. लोक ती उतरवून घेतात आणि उघडत नाहीत.

कल्पिलेल्या नियोजनकाराने नामनिर्देशन हा विषय निवडला व यादीला ‘घरच्यांना सापडेल का? दहा प्रश्न’ असे नाव दिले. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘होय’ वा ‘नाही’ एवढेच. बँकेच्या प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन आहे काय? लॉकरवर आहे काय? भविष्य निर्वाह निधीतील नामनिर्देशन विवाहानंतर नव्याने केले आहे काय? (विवाहापूर्वीचे नामनिर्देशन तेथे रद्द समजले जाते, ही गोष्ट अनेक नोकरदारांना ठाऊक नसते.) विमापत्रे कोठे ठेवली आहेत, हे घरातील दुसऱ्या एका व्यक्तीला माहीत आहे काय? मृत्युपत्र केले आहे काय?

शेवटचा प्रश्न जाणीवपूर्वक ठेवलेला आहे. नाव लावले म्हणजे मालकी मिळाली, असा समज सर्वदूर आढळतो. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले, की कंपनीच्या समभागांवरील नामनिर्देशित व्यक्ती केवळ त्या नामनिर्देशनामुळे मालक ठरत नाही. वारसाहक्काचा कायदा वा मृत्युपत्रच अंतिम असते. वाचक नऊ ‘होय’ मिळवून निश्चिंत होतो आणि दहाव्या प्रश्नाशी थबकतो. पहिले नऊ प्रश्न त्याला स्वतः सोडविता येतात, त्यामुळे यादी खरोखर उपयोगी ठरते. दहावा प्रश्न संभाषण मागतो. सर्वच प्रश्न असे असते तर ती यादी न राहता जाहिरात झाली असती.

मार्गाची रचना

अनुयायी पोस्ट पाहतो, परिचयातील दुव्यावरून एका स्वतंत्र पानावर येतो, तेथे नाव व ई-मेल पत्ता देतो, आलेल्या पत्रातील दुव्यावर टिचकी मारून पत्ता आपलाच असल्याचे कळवितो आणि त्यानंतर त्याला यादी मिळते. इन्स्टाग्रामच्या पोस्टखालील मजकुरात दिलेला दुवा उघडत नाही, म्हणून तो परिचयात वा स्टोरीत द्यावा लागतो. पोस्टमध्ये संपूर्ण यादी न मांडता एकच प्रश्न घेऊन तो पुरता समजावणे श्रेयस्कर; उदाहरणार्थ, विवाहानंतरच्या नामनिर्देशनाचा.

पानावर संकेतस्थळाचा मेनू, इतर सेवा, छायाचित्रांची माळ यांपैकी काहीही नसावे. नमुन्यात मोबाइल क्रमांक मागण्याचा मोह टाळावा. दूरध्वनी येण्याच्या धास्तीने माणूस तेथूनच परततो, आणि यादी पाठविण्यासाठी त्या क्रमांकाची आवश्यकताही नसते.

पत्ता पडताळण्याच्या टप्प्याला अनेकांचा विरोध असतो. काही लोक तेथे गळतात, हे खरे आहे. परंतु यादी पानावरच उघडून दिली तर लोक मनाला येईल तो पत्ता लिहितात. अशा खोट्या पत्त्यांवरून परत येणारी पत्रे पाठविणाऱ्याची पत घटवितात. गळती पत्करून खरी सूची मिळविणे येथे अधिक शहाणपणाचे होय.

यादी पत्रासोबत जोडण्याऐवजी तिचा दुवा द्यावा. त्याचे कारण कायद्यातील बदल हे आहे. दि. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींवर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली. त्यापूर्वी वाटलेल्या यादीत ‘एकच नाव’ असे छापलेले असेल, तर ती चूक असंख्य मोबाइलमध्ये तशीच राहते. दुवा असल्यास एकाच ठिकाणी दुरुस्ती करता येते, आणि तो बदल कळविण्याचे निमित्त साधून सूचीतील सर्वांना पत्रही धाडता येते. यादीच्या माथ्यावर तिची तारीख असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

गळती कोठे होते

समजा, एका महिन्यातील चार पोस्ट मिळून 1,500 जणांनी पाहिल्या. त्यांपैकी 120 जण पानावर आले, 48 जणांनी नमुना भरला आणि 36 जणांनी पत्ता पडताळला. सहा हजारांतून छत्तीस हा आकडा निराशाजनक वाटेल. पण सहा हजारांना ती पोस्ट दिसलीच नव्हती. प्रत्येक टप्पा त्याच्या आधीच्या टप्प्याशीच ताडून पाहावयास हवा. 1,500 मधून केवळ दहाच जण पानावर आले असते, तर दोष पोस्टमध्ये वा विषयात शोधावा लागला असता. 120 येऊन पाचांनीच नमुना भरला असता, तर पानाने पोस्टमधील आश्वासन पाळले नाही किंवा माहिती अधिक मागितली, असा निष्कर्ष निघाला असता. येथे 48 मधून बारा गळले आहेत. त्यांचे पत्र बहुधा स्पॅममध्ये गेले असावे किंवा पत्ता लिहिताना अक्षर चुकले असावे. नमुना भरताच ‘पत्र पाच मिनिटांत न आल्यास स्पॅम पाहावे’ असे सांगणारे वाक्य दिसले, तर यांतील काही जण परत मिळतात.

पत्र स्पॅममध्ये जाण्यामागे तांत्रिक कारणही असू शकते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांसाठी नियम कडक केले. पाठविणाऱ्याच्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तीन नोंदी असाव्यात, सूचीतून बाहेर पडणे एका टिचकीत जमावे आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत राहाव्यात, अशी ती अपेक्षा आहे. यांतील काही अटी दिवसाला पाच हजार पत्रांच्या वर लागू होतात. तथापि लहान सूचीनेही त्या पाळाव्यात. अनेक नियोजनकार आपला मोफत जीमेल पत्ता सामूहिक पत्रे पाठविणाऱ्या सेवेत ‘प्रेषक’ म्हणून घालतात. ते पत्र जीमेलच्या नावाने पण दुसऱ्याच यंत्रणेतून निघत असल्याने पडताळणीत नापास होते. स्वतःचे डोमेन घेणे हाच त्यावर उपाय. तक्रारींचे प्रमाण लहान सूचीत किती निसरडे असते, हेही ध्यानात घ्यावे : तीनशे पत्रांमागे एक तक्रार आली तरी ते प्रमाण 0.33 टक्के होते.

पत्र किती जणांनी ‘उघडले’ या आकड्यावर विसंबू नये. सप्टेंबर 2021 मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेलमध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे, वाचकाने पत्र न पाहताही ते उघडल्याची नोंद होऊ शकते. आलेली उत्तरे हे अधिक विश्वासार्ह माप आहे. म्हणून यादीनंतर तीन दिवसांनी जाणाऱ्या पत्रात एकच प्रश्न विचारावा : ‘आपले कोणत्या प्रश्नाला “नाही” आले?’ छत्तिसांपैकी पाचांनी उत्तर दिले, तरी पुढील दोन महिन्यांचे लेखन कशावर करावयाचे, ते समजते.

नियमांची चौकट

‘मोफत’ या शब्दापाशी नोंदणीकृत सल्लागाराने सावध राहावयास हवे. सेबीने डिसेंबर 2019 च्या परिपत्रकाने गुंतवणूक सल्ल्याची मोफत चाचणी देण्यास मनाई केली आहे. नामनिर्देशनाची यादी सर्वांना सारखीच असते, तीत कोणत्याही योजनेचे नाव नसते. म्हणून ती माहितीच्या सदरात मोडते. खरी कसोटी पुढे येते. ‘माझ्याकडे अमुक फंड आहे, ठेवू की काढू?’ असे उत्तर एखादा वाचक पाठवितो, आणि सौजन्यापोटी नियोजनकार दोन ओळींत मत देतो. जोखीम-क्षमता तपासल्याविना व करारनामा झाल्याविना दिलेला तो सल्लाच होय. अशा वेळी फंडावर भाष्य न करता रीतसर सल्ल्याची पद्धत व शुल्क कळविणे एवढेच उचित ठरते. दि. 5 एप्रिल 2023 च्या जाहिरातविषयक परिपत्रकाने ग्राहकांची प्रशस्तिपत्रे जाहिरातीत वापरण्यावरही बंदी आणली. त्यामुळे ‘शेकडो समाधानी ग्राहक काय म्हणतात’ हा इतर व्यवसायांत सर्रास दिसणारा भाग या पानावर ठेवता येत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी लागते, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे लागते. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. व्यावसायिकांवरील प्रमुख जबाबदाऱ्यांसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. यातून नमुन्याच्या रचनेचा एक प्रश्न उद्भवतो. यादीसाठी पत्ता देणे आणि पुढील पत्रांस होकार देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांसाठी दोन स्वतंत्र चौकटी ठेवाव्यात, दुसरी आधीच खूण केलेली नसावी, आणि ती रिकामी ठेवणाऱ्यालाही यादी द्यावी. यामुळे सूची काहीशी लहान होते. परंतु तक्रारीही घटतात. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे अधिनियमाला अपेक्षित आहे. मराठीतून लिहिणाऱ्या नियोजनकाराला ती मराठीत देणे मुळीच अवघड नाही, तरीही संपूर्ण मराठी पानाच्या तळाशी संमतीचा मजकूर मात्र इंग्रजीत, असे दृश्य अनेकदा दिसते.